जाता-येता तोंडावर वारा

आष्टी तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या गच्चीवरून औषधं घेऊन उडणाऱ्या ड्रोनला शिपाई हनुमान ‘सरांची म्हैस’ म्हणायचा. कारण विचारलं तर सांगायचा, कुठंही चरायला सोडा, वेळेवर गोठ्यात येते. ‘सर’ म्हणजे रामेश्वर. ड्रोनचे मार्ग आखणं हे त्याचं काम. कोणत्या गावाला जायचं, कोणत्या टप्प्यात किती बॅटरी खर्ची पडेल, वारा किती धरायचा आणि घरी परतल्यावर बॅटरीत किती शिल्लक राहिलीच पाहिजे, हा सगळा हिशेब त्याच्याकडे. वर्षभरात एकदाही ड्रोन वाटेत उतरलं नव्हतं. कुणी भेटायला आलं की अधीक्षक त्याची ओळख याच वाक्याने करून देत, आणि रामेश्वर मान खाली घालून हसत असे. लोकांना तो विनय वाटायचा.

तो विनय नव्हता, धास्ती होती, आणि तिचं मूळ माजलगावला होतं. आधीच्या नोकरीत रामेश्वरने तिथे पुढाऱ्यांसमोर ड्रोन उडवून दाखवलं होतं. जाताना वारा पाठीशी होता, म्हणून ड्रोन झपाट्याने गेलं. येताना तोच वारा तोंडावर आला. या पोराने परतीचा खर्च जातानाच्या खर्चाइतकाच धरला होता. बॅटरी संपत आली तसं ड्रोनने नेमून दिल्याप्रमाणे स्वतःच खाली उतरायचं ठरवलं आणि ते धरणाखालच्या दोन पुरुष उंचीच्या उसात उतरलं. मांडवातले लोक पोट धरून हसले. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला आणि पुढचे कितीतरी दिवस तो तालुक्यातल्या प्रत्येक फोनमध्ये फिरला. तलवाड्याला, त्याच्या गावी, चहाच्या टपरीवर त्याला ‘उसातला पायलट’ हे नाव पडलं. वडिलांनी महिनाभर पारावर बसणं सोडलं होतं. ते त्याला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागलं.

इथे आल्यावर रामेश्वरने मनाशी ठरवलं की आता काहीही होवो, ड्रोन पडू द्यायचं नाही. योजनेचा नियम साधा होता: परत आल्यावर बॅटरीत शंभरातले तीस शिल्लक राहतील असाच मार्ग मंजूर करायचा. ते तीस म्हणजे अडीअडचणीची राखीव. अचानक वारा वाढला, उतरायच्या जागी गुरं आली आणि वरच घिरट्या घालाव्या लागल्या, तर ती कामी यायची. नियम पुरेसा होता, करणाऱ्यांनी विचार करूनच केला होता. पण रामेश्वरला तेवढ्याने झोप येईना. म्हणून त्याने वारा अंदाजापेक्षा जास्त धरायला सुरुवात केली. मग ओझं जास्त धरलं. आणि मग त्याने ती गोष्ट केली जी कोणत्याही शहाण्या माणसाला हसवेल: जाताना वारा तोंडावर धरला आणि येतानाही तोंडावरच धरला.

आता वारा काही सरकारी बाबू नाही, की जाताना आडवा आला म्हणजे येतानाही आडवा येणारच. जाताना तोंडावर असला तर येताना पाठीवर असतो. तासाभराच्या फेरीत तो सहसा उलटा फिरत नाही, हे बैलगाडी हाकणाऱ्यालाही कळतं. रामेश्वरला तर चांगलंच कळत होतं. पण त्या गणिताने ड्रोन दरवेळी अर्धी बॅटरी शिल्लक ठेवून परत यायचं, अधीक्षक पाठ थोपटायचे आणि हनुमान म्हशीचं कौतुक करायचा. अशा सुखाला कोण नको म्हणेल?

जवळच्या गावांना त्याने काही फरक पडत नव्हता. फरक पडला तो एकट्या उंबरदऱ्याला.

उंबरदरा सरळ रेषेत चौदा किलोमीटर, पण डोंगरावर. गाडीरस्त्याने घाट चढून जायचं तर अंतर दुपटीच्या वर. दिवाळी झाली की तिथली निम्मी घरं कोयते घेऊन कारखान्यांकडे जायची, आणि मागे राहायची म्हातारी माणसं, शाळेची लेकरं आणि गावची आशा सेविका कडूबाई. योजना सुरू झाली तेव्हा पाहणीसाठी रामेश्वर तिथे गेला होता. शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत त्यानेच चुन्याचा गोल आखून दिला होता आणि आता हे इथे उतरेल असं सांगून आला होता. मग कार्यालयात बसून त्याने आपल्या पद्धतीने हिशेब मांडला. दोनदा उडणं आणि दोनदा उतरणं यांचे मिळून पंचवीस, कारण सरळ वर उठताना आणि खाली बसताना पंखांचा आधार नसतो, सगळा भार मोटारींवर. डोंगर चढायचे तीन. जाताना तोंडावर सोसाट्याचा वारा, तीस. येताना पुन्हा तोंडावर सोसाट्याचा वारा, तीस. बेरीज अठ्ठ्याऐंशी. शिल्लक बारा. नकाशावर उंबरदऱ्याचा ठिपका लाल झाला, आणि लाल ठिपक्याबद्दल पुन्हा कुणी विचारायचं नसतं.

कडूबाई मात्र विचारायची. महिन्याच्या बैठकीला यायची, चहाचा कप हातात धरून त्याच्या टेबलाशी उभी राहायची आणि म्हणायची, आमच्या गावाचं काय झालं सर. रामेश्वर तिला नकाशा दाखवायचा. बॅटरी पुरत नाही ताई, मध्येच पडेल. ती मान डोलावायची. यंत्राचं यंत्राला ठाऊक, असं तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. मग ती गावातल्या साखरवाल्या म्हाताऱ्यांची इन्सुलिन बर्फाच्या डब्यात घालून घाटाच्या पायथ्यापर्यंत जीपने आणि पुढे मिळेल त्या मोटरसायकलवर घेऊन जायची. मिळाली नाही तर चालत. रुग्णालयात कधी साठा कमी असायचा, कधी तिला यायलाच जमायचं नाही. त्या दिवसांत म्हातारी माणसं हातातली बाटली पुरवून पुरवून वापरायची.

नवीन पायलट म्हणून मनिषा आली ती पुढच्या हिवाळ्यात. पोरगी कामाला चोख. रुजू झाल्याच्या आठवड्यात तिने सगळे मार्ग उघडून पाहिले आणि सहज विचारलं की सर, परतीचा वारा पण उलटाच का धरलाय. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. रामेश्वर म्हणाला, सेफ्टी. ती म्हणाली, पण सेफ्टीसाठी तीस टक्के आहेत ना. तो म्हणाला, इकडचा वारा तुला माहीत नाही. तिने मान डोलावली आणि पुढचा मार्ग उघडला. रामेश्वरच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. इकडचा वारा त्याला पुरता माहीत होता. ड्रोन हवेत किती वेगाने चाललंय आणि जमिनीवरून किती वेगाने सरकतंय, यातला फरक म्हणजे वारा. वर्षभराच्या प्रत्येक फेरीत ड्रोनने तो मोजून आणला होता. फक्त बघायचं होतं, आणि त्याने बघितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बैठकीला कडूबाई आली. या वेळी ती टेबलाशी उभी राहिली नाही, खुर्ची ओढून बसली. गावातल्या इन्सुलिनवाल्या म्हाताऱ्या रुक्मिणीबाईच्या पायात काटा मोडला होता, जखम चिघळली, बीडला न्यावं लागलं, दोन बोटं काढली. मुलगा-सून कारखान्यावर, म्हणून कडूबाईच दवाखान्यात राहिली होती. तिने हे सगळं तक्रार म्हणून सांगितलं नाही, गावची बातमी सांगावी तसं सांगितलं. म्हातारीने दिवाळीच्या आसपास इन्सुलिन अर्धी अर्धी घेतली होती, कारण पुढची कधी येईल याचा भरवसा नव्हता. मग कडूबाईने नेहमीसारखंच विचारलं, “आमच्याकडं यायचं कधी जमल सर?”

रामेश्वरने बघतो म्हटलं. कडूबाई गेल्यावर त्याने संगणकावर उंबरदऱ्याचा लाल ठिपका उघडला. साखरेच्या माणसाची जखम चिघळायला शंभर कारणं असतात, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. ते खरंही होतं. पण त्या शंभरांतलं एक कारण त्याच्याच खुर्चीत बसलेलं होतं, हेही खरं होतं. दुपार टळायच्या आत त्याने उंबरदऱ्याचा मार्ग पुन्हा मांडला. या वेळी ड्रोनने मोजलेला वारा घेतला, वरून अचानक येणाऱ्या झोतांची भर घातली. तोंडावरचा वारा पूर्ण धरला आणि पाठीवरचा अर्धाच, म्हणजे मिळेल त्याच्या भरवशावर राहायचं नाही. उडण्या-उतरण्याचे पंचवीस, डोंगराचे तीन, जायला बावीस, यायला बारा. बासष्ट. शिल्लक अडतीस. त्याने पावसाळ्यातला जोराचा वारा घालून पाहिला. मोजके दिवस सोडले तर तेव्हाही शिल्लक तिसाच्या खाली जाईना. ठिपका हिरवा झाला. तो वर्षभर हिरवाच होता. खोलीत कुणी नसताना रामेश्वरने हाताने तोंड झाकून घेतलं.

इथपर्यंत आलेला माणूस खरं बोलून मोकळा होतो असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. त्याने कडूबाईला फोन केला आणि सांगितलं की नवी बॅटरी आली आहे, आता जमेल. बॅटरी तीच होती.

पहिली फेरी सोमवारी सकाळी झाली. अर्ध्या वाटेवर ठरवलेल्यापेक्षा कमी बॅटरी दिसली तर पुढे न जाता माघारी वळवायचं, एवढं त्याने मनिषाला सांगून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही. ड्रोन शाळेसमोर उतरलं, इन्सुलिन दिली, तपासायच्या रक्ताच्या नळ्या घेतल्या आणि पाठीवरचा वारा घेऊन झरझर परत आलं. शिल्लक चाळीस. मनिषाने त्याच्याकडे बघून अंगठा उंचावला. त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

आणि मग सत्काराचं निमंत्रण आलं. आपल्याकडे रस्त्यावर खडी पडली तरी कुणाला तरी शाल पडतेच, तर आकाशातून औषध येऊ लागल्यावर उंबरदरा गप्प कसं बसेल? सरपंच धोंडीरामनी स्वतः फोन केला. रामेश्वरने कामाचं निमित्त सांगितलं, बरं नाही म्हणून पाहिलं. अधीक्षकांनी ते ऐकलं आणि आता जास्त नाटकं नकोत म्हणून जीपच दिली. सोबत मनिषा.

घाट चढताना मनिषा खिडकीतून खाली बघत होती. कडूबाई हेच चढून येते का, असं तिने विचारलं. रामेश्वर हो म्हणाला. वळणं संपतच नव्हती. नकाशावर त्याने हा रस्ता कधी धरलाच नव्हता. त्याच्या कामाला सरळ रेष पुरत होती.

शाळेसमोर सतरंज्या अंथरल्या होत्या. गोलाचा चुना पांढराशुभ्र होता. नवा मारला का, असं त्याने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. कडूबाई म्हणाली की दर महिन्याला आमी मारतो, पावसाने जातो ना, कधी येईल काय सांगावं, आलं आन् गोल दिसला न्हाई तर. म्हणजे लाल ठिपक्याच्या त्या सगळ्या महिन्यांत इथे कुणीतरी वाकून चुना मारत होतं. रामेश्वर खुर्चीवर बसला तो असा, की खुर्ची दुसऱ्याच कुणाच्या तरी मालकीची असावी.

गावात माणसं थोडीच होती, पण होती तेवढी सगळी आली होती. पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर रुक्मिणीबाई बसली होती. डाव्या पायाला पट्टी, हातात काठी. धोंडीरामनी भाषण केलं. रामेश्वर सरांनी आमच्या गावासाठी वरपर्यंत भांडून नवी बॅटरी मिळवली, असं ते म्हणाले. भांडण त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं, भाषणात तेवढं चालतं. टाळ्या पडल्या. मग त्यांना वाटलं की पाहुणीचाही मान राखावा, म्हणून त्यांनी मनिषाला विचारलं की ताई, ती नवी बॅटरी कशी असते ते आमच्या लोकांना जरा सांगा.

मनिषा उभी राहिली. तिला काहीच माहीत नव्हतं. ती सरळ म्हणाली, “नवी कुठली? बॅटरी जुनीच आहे. पहिल्या दिवसापासून एकच.”

टाळी वाजवायला उचललेले काही हात तसेच राहिले. मनिषाने रामेश्वरकडे पाहिलं आणि आपण काहीतरी सांडलं हे तिच्या लक्षात आलं. ती खाली बसली. कडूबाईच्या हातात ताट होतं, शाल, नारळ, हळदीकुंकू. ती ताट धरून त्याच्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. हिशेब लागत नाही तेव्हा माणूस बघतो, तसं ती बघत होती.

धोंडीराम मुरलेला गडी. त्यांनी लगेच सावरून घेतलं. म्हणाले, असंल, मग वारं पडलं असंल, पावसाळ्यात आपल्याकडं वारं लई, आता थंडीत कमी, म्हणून जमलं, काय सर? त्यांनी त्याच्यापुढे वाट करून दिली होती. नुसती मान हलवायची होती. सगळं गाव ते मानायला तयार होतं, किंबहुना त्यांना तेच मानायचं होतं, कारण शाल आणली होती.

रामेश्वर उठला. मान हलवावी असं त्याला फार वाटलं. पण समोर ती पट्टी होती.

“वारं तेच हाय,” तो म्हणाला. कार्यालयातली भाषा त्याच्या तोंडातून कधी गळून पडली हे त्यालाही कळलं नाही. “बॅटरी तीच हाय. गेल्या साली बी जमलं असतं. मीच हिशेब वाढवून धरला. वारं जाताना बी उलटं धरलं अन् येताना बी उलटंच. माझं मला ठावं होतं.”

मागे एक लेकरू रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं. कडूबाईने ताट हळूच टेबलावर ठेवलं. घाटातल्या सगळ्या फेऱ्या ती मनात मोजत असणार असं रामेश्वरला वाटलं, आणि त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. मग ते टाळल्याचीही लाज वाटली म्हणून बघितलं.

रुक्मिणीबाईने काठी जमिनीवर टेकली. “कावून केलं बाबा तसं?” तिने विचारलं. आवाजात चढ नव्हता.

“भ्या वाटत होतं, आजी. एकदा पाडलं होतं मी. लोक लई हसले.”

वर्षभर हा माणूस कुणी मोठा साहेब असेल असं म्हातारीला वाटत आलं होतं. समोर तिच्या मुलाच्या वयाचं पोरगं उभं होतं आणि त्याला मान वर करता येत नव्हती.

“पडलं असतं तर पडलं असतं,” ती म्हणाली. “आमी उचलून आणून दिलं असतं की. खांद्यावर घालून दिलं असतं. त्याला काय हसायचं?”

रामेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं. माजलगावच्या हसण्याला त्याने एवढी वर्षं उत्तर शोधलं होतं आणि त्या शोधात या गावाला एकदाही विचारलं नव्हतं. पडलं तर चालेल का, इतकंच विचारायचं होतं. ते हो म्हणाले असते. आता विचारून उपयोग नव्हता.

धोंडीरामनी खाकरून कार्यक्रम संपल्याचं सांगायला तोंड उघडलं, तर रुक्मिणीबाईने त्यांना थांबवलं. आणलेली शाल माघारी कुणी नेत नसतं, घाला त्याला, असं ती म्हणाली. कडूबाईने ताट पुन्हा उचललं. शाल खांद्यावर आली, नारळ हातात आला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. त्या शालीइतकं जड काही रामेश्वरने आजवर अंगावर घेतलं नव्हतं.

रीतीप्रमाणे आता थोरांच्या पाया पडायचं होतं. तो रुक्मिणीबाईपुढे वाकला. त्याचा हात पट्टीच्या पायाकडे गेला. तेवढ्यात म्हातारीने तो पाय हळूच लुगड्याच्या आत ओढून घेतला आणि चांगला पाय पुढे केला.